न घडलेल्या गोष्टींचे पेशकार

आमच्या गावात जे कधी घडलंच नाही, त्याची इतकी बारीक माहिती असलेला माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही. जे घडलं त्याची माहिती गावात कुणालाही असते. पारावर बसलं की फुकट मिळते. पण अमुक झालं नसतं तर काय झालं असतं, आणि मुळात ते झालं नसतं असं म्हणायला जागा होती का, हे विचारायचं तर समोरच्या घरातल्या पेशकारांकडेच जावं लागे. ते तीस वर्षं तहसील कचेरीत पेशकार होते. म्हणजे तहसीलदारसाहेबांपुढे मिसली, म्हणजे प्रकरणांचे कागद, मांडायच्या, त्या वाचून दाखवायच्या आणि साहेबांना डुलकी लागली तर पुन्हा वाचायच्या. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी गावाची तवारीख, म्हणजे इतिहास, लिहायला घेतली. आमचं गाव चौसाळ्यापासून दोन कोसांवर, डोंगराच्या पायथ्याला. तिथं जे घडलं ते चाळीस पानांत आटोपलं. जे घडलं नाही त्याच्या कागदांचे अकरा बस्ते, म्हणजे गाठोडी, झाले, आणि ते ठेवायला पेशकारीणबाईंना पापडाचे डबे माळ्यावर हलवावे लागले.

मी तेव्हा गावच्या शाळेत दुय्यम मास्तर होतो आणि संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसायला जात असे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आपलं तत्त्व सांगितलं. "मास्तर, 'म्हणून' म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात एक 'जर' लपलेला असतो. तुम्ही म्हणता, खत घातलं म्हणून ज्वारी आली. म्हणजे काय म्हणता? खत घातलं नसतं तर आली नसती. मग ते आधी तपासा, आणि मग 'म्हणून' म्हणा. तवारीख लिहिणारे 'जर'ला हसतात आणि पानापानावर 'म्हणून' लिहितात." गावात कोणीही सहज बोलता बोलता 'जर' म्हणाला की पेशकार त्याला थांबवत, नाव-गाव विचारत आणि रीतसर मिसल उघडत. चार-आठ दिवसांत निकाल लागे. मिसलीवर 'मंजूर', 'नामंजूर' किंवा 'तहकीकात बाकी' असा शेरा मारून ते संबंधिताला घरी जाऊन कळवून येत. त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांनी 'जर' म्हणायचं सोडून दिलं होतं. उरलेले निम्मे त्यांना बघून रस्ता बदलत.

धोंडी न्हाव्याची गोष्ट घ्या. पेशकारांच्या अर्ध्या तोंडाला साबण लागलेला असताना तो म्हणाला, "साहेब, मी जर हैदराबादेला गेलो असतो, तर आज एखाद्या नवाबाची दाढी करत असतो." पेशकारांनी वस्तरा हातानं बाजूला केला. कोणी बोलावलं होतं का? न्हाई. कधी जायला निघाला होतास का? न्हाई. निदान मनात तरी आलं होतं का? "आत्ताच आलं," धोंडी म्हणाला. पेशकारांनी तिथल्या तिथं नामंजूर केलं. त्यांचा नियम असा, की जी वाट त्या वेळी त्या माणसापुढं खरोखर उघडी होती, ज्या वाटेचा त्या वेळचा काही माग सापडतो, तीच धरायची. आज बसून नवी वाट पाडायची नाही. शिवाय बदलायचं ते एकच आणि होईल तितकं लहान, बाकी सगळं होतं तसं राहू द्यायचं. "तू हैदराबादेला गेलास असं धरलं तरी तुझा हात कापतो तो काही इथं राहणार नाही. तोही गाडीत बसेल," असं त्यांनी त्याला समजावलं. एवढं ऐकूनही धोंडीनं दाढी पुरी केली, पण ती नेहमीपेक्षा जास्त वेळ चालली.

त्यांना सगळ्यात आवडलेला 'जर' पेशकारीणबाईंचा होता. एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "मीठ चिमूटभर कमी पडलं असतं तर भाजी बरी झाली असती." पेशकार हातातला घास तसाच धरून बराच वेळ बघत राहिले. मला दुसऱ्या दिवशी म्हणाले, "असा जर शंभरात एक. बदल किती, तर चिमूट. परिणाम किती लांब, तर ताटापासून तोंडापर्यंत. आणि कमी मिठाची भाजी आपण काल-परवा खाल्लेली आहे, तेव्हा काय होतं ते माहीत आहे. मंजूर." बाई आतून म्हणाल्या, "खाल्ली मात्र नाही त्यांनी. मिसल लिहीत बसले."

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, ही म्हण त्यांच्यासमोर कोणी काढली की ते दुखावत. ही म्हण गावाला चुकीची शिकवण देते असं त्यांचं मत होतं. "घाटनांदूरला माझी सख्खी आत्या होती. तिला मिशा होत्या. चांगल्या दिसत होत्या. तिला मरेपर्यंत सगळे आत्याच म्हणाले. म्हणजे 'जर' बाजूला राहू द्या, 'तर'च खोटा निघाला. आणि जो 'तर' तपासून बघता येतो, तो तपासायच्या आधीच हसायचं कशाला?"

पाटलांशी त्यांचं बिनसलं ते मात्र पणजोबांवरून. पाटलांचे पणजोबा मोठे घोडेस्वार होते आणि एका लढाईला ते पायाला गळू झाल्यामुळे जाऊ शकले नाहीत. ते गेले असते तर राज्य बुडालं नसतं, असं पाटील दर सणाला सांगत. पेशकारांनी त्याचीही मिसल केली. गळू झालं नसतं, हे मंजूर. गळू काही सगळ्यांनाच होत नाही. पण पुढं? पणजोबा वेळेवर पोचले पाहिजेत, आघाडीला उभे राहिले पाहिजेत, एका घोड्यानं फळी फिरली पाहिजे, फिरलेल्या फळीनं लढाई जिंकली पाहिजे आणि एका लढाईनं राज्य राहिलं पाहिजे. "पाटील, प्रत्येक पायरी मी तुम्हाला रुपयात बारा आणे खरी देतो. फार उदारपणानं देतो. पण दुसऱ्या पायरीला बारा आण्यांचे बारा आणे म्हणजे नऊच. तिसऱ्या पायरीला पावणेसात. चौथीला पाच. पाचव्या पायरीवर चार आणेसुद्धा हातात राहत नाहीत, आणि तुम्ही बोलता सोळा आणे." शिवाय त्या राज्याला बुडवायला आणखी तीन-चार कारणं रांगेत उभी होती, ती पणजोबांच्या घोड्याला बघून घरी गेली असती असं कुठं दिसत नाही. पाटलांनी दोन वर्षं त्यांच्याकडे हळदीकुंकवाला बायकांना पाठवलं नाही.

मीसुद्धा सुटलो नाही. मिडलच्या परीक्षेला जाताना वाटेत गाडीचं चाक मोडलं, फारसीचा पेपर अर्धा हुकला, नाही तर मी आज औरंगाबादेत मोठ्या शाळेवर असतो, असं मी एकदा बोलून गेलो. पेशकारांनी गाडीवानाची जबानी घेतली, चाक बघितलं आणि आठव्या दिवशी येऊन बसले. "चाक मोडलं नसतं, हे मंजूर. आरा जुना होता, पण आणखी दोन कोस टिकला असता. वेळेवर पोचला असता, तेही मंजूर. आता असं सांगा, त्याच्या आधीच्या दोन साली गाडी वेळेवर पोचली होती. तेव्हा फारसीत पास झालात?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग जर मंजूर, तर नामंजूर," म्हणाले आणि सुपारी कातरू लागले. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण वीस वर्षं उराशी धरलेली ती गाडी त्या दिवशी माझ्या डोक्यावरून उतरली आणि मी बरा झोपलो.

आणखी एक खोड होती, तिचा मात्र कोणाला उलगडा होत नव्हता. पावसाळ्याचे चार महिने, दररोज भर दुपारी, पेशकार छत्री घेऊन गावच्या तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढत आणि गावाकडं तोंड करून हाक मारत, "तळं ठीक हायऽऽ." परतताना ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांपाशी थांबून विचारत, "ऐकू आलं का?" बायका म्हणत, आलं. ते मान हलवून घरी जात. गावानं याचा फायदा करून घेतला होता. हाक आली की शेवटची भाकरी तव्यावर टाकायची, असा बायकांचा हिशेब होता. मी एकदा त्यांना विचारलं की हे कशासाठी. "तहकीकात बाकी आहे," एवढंच म्हणाले.

आता या तळ्याचं सांगितलं पाहिजे. पस्तीसेक वर्षांपूर्वी ते फुटलं होतं. दिवस भाद्रपदातला, गावात लख्ख ऊन, पाऊस सगळा वर डोंगरात. तिसऱ्या प्रहरी पाणी पाळीवरून वाहिलं, पाळ खचली आणि खालची आळी वाहून गेली. घरं गेली, जनावरं गेली. माणसं शेतात होती म्हणून वाचली. एकच जीव गेला, ओढ्यावर धुणं धूत होती ती पेशकारांची थोरली बहीण, आक्का. गावानं दोष दिला तो संभा पाटकऱ्याला. तळ्याच्या मोरीचा लाकडी दट्ट्या वर ओढून शेतांना पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं. तो त्या दिवशी मीठ-मिरची आणायला चौसाळ्याच्या बाजारी गेला होता. तो जागेवर असता तर मोरी उघडली असती, आणि मोरी उघडली असती तर तळं वाचलं असतं, असं गाव म्हणालं, आणि पुढं पस्तीस वर्षं म्हणत राहिलं. सरकारनं तळं पुन्हा बांधलं, पण संभाला मिळालेली शिक्षा तशीच राहिली. पोळ्याला सगळ्यांचे बैल सजून वेशीतल्या तोरणाखालून गावात येतात. संभाचे बैल तोरणाखालून यायचे नाहीत. ते गावाबाहेरून, उकिरड्याच्या वाटेनं आपल्या गोठ्यात जायचे. संभा मेला. त्याचा मुलगा मारुती बैल सजवी, शिंगं रंगवी, झूल घाली आणि त्याच वाटेनं नेई.

एके वर्षी दिवाळी उलटल्यावर मारुती पेशकारांच्या ओट्यावर आला. मी तिथंच होतो. तो बसला नाही, उभ्यानंच बोलला. "साहेब, एक अर्ज लिहून द्या. बाप गेला ते गेला. पण आता माझं पोरगं इचारतंय, आपले बैल उकिरड्यावरून कावून जातेत. मला सांगता येत न्हाई." पेशकारांनी अर्ज लिहिला नाही. त्यांनी मारुतीला बसायला लावलं आणि विचारलं, "तुझ्या बापामुळं तळं फुटलं, असं तुला वाटतं का?" मारुती म्हणाला, "सगळी म्हन्तेत." "सगळी म्हणतात. मीही म्हणत आलो. पण मी ते कधी तपासलं नाही," पेशकार म्हणाले, आणि स्वतःच चकित झाल्यासारखे माझ्याकडं बघू लागले. मग म्हणाले, "ज्या 'जर'नं आपलं बरं होतं, तो दोनदा चाळायला पाहिजे. मी एकदाही चाळला नाही."

त्यानंतर नऊ महिने हे प्रकरण चाललं. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला तळं भरल्यावर त्यांनी उघडीप बघितली, पाण्यात खुणेची काठी रोवली आणि मारुतीला मोरीचा दट्ट्या पूर्ण वर ओढायला सांगितला. पाटलांनी विचारलं तेव्हा मोरी साफ करतो म्हणून सांगितलं. एका दिवसात आणि एका रात्रीत पाणी वीतभर, म्हणजे बारा बोटं उतरलं. दुसऱ्यांदा केलं तरी तेवढंच. ते तहसीलच्या दफ्तरात गेले आणि तळं फुटल्यानंतर घेतलेल्या जबान्या उतरवून आणल्या. डोंगरापलीकडच्या गावात जाऊन तिथल्या म्हाताऱ्यांना भेटले, कारण तिथलंही तळं त्याच दिवशी फुटलं होतं. आणि दफ्तरातच त्यांना एक कागद सापडला. तो त्यांनी मला दाखवला नाही. त्या दिवसापासून मात्र ते बोलेनासे झाले. धोंडीनं मुद्दाम तीन वेळा 'जर' म्हणून बघितलं, काही झालं नाही. पेशकारीणबाई मला म्हणाल्या, "मास्तर, यांना काय झालंय बघा. काल आमटीत मीठच घातलं नव्हतं. तशीच खाल्ली, आणि काही बोलले नाहीत." फक्त दुपारची हाक तेवढी चुकली नाही.

पोळ्याच्या दोन दिवस आधी सकाळी चावडीत गाव जमतं आणि कोणाच्या बैलांमागं कोणाचे बैल, हे ठरतं. पाटलांच्या मनात त्या साली आणखी एक गोष्ट होती. तळ्याचा सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी ज्या वाटेनं बाहेर पडतं ती वाट, हातभर दगड रचून उंचवायची. म्हणजे उन्हाळ्यात मळ्यांना दोन पाणी जास्त मिळतील. भीती कसली, पाटकरी जागेवर असला की झालं, असं ते म्हणत. मारुतीनं उठून आपल्या बैलांचं विचारलं. पाटील नेहमीचं वाक्य बोलले, "तुजा बाप जाग्यावर असता तर मोरी उघडली असती, अन् मोरी उघडली असती तर तळं फुटलं नसतं." तेव्हा पेशकार उभे राहिले. बगलेत बस्ता होता.

"हे दोन जर आहेत, पाटील," ते म्हणाले. "एकामागं एक बांधलेत म्हणून एकच दिसतात. आपण सोडून बघू. भाद्रपदात, गावात ऊन असताना, आपल्या भरत्या तळ्याची मोरी आजवर कोणी उघडली होती का? जबान्यांत कुठं नाही. त्या सकाळी संभाला दिसत होतं ते बघा. आपल्याला संध्याकाळी जे कळलं ते नको. मोरी उघडून पाणी वाया घालवलं असतं तर याच चावडीत त्याला बोलावलं असतं. तरी पाटलांच्या समाधानासाठी धरून चालू की त्यानं सूर्य उगवताच उघडली असती." मग त्यांनी काठी दाखवली. तिसऱ्या प्रहरापर्यंत मोरीनं पाणी उतरवलं असतं फार तर सहा बोटं. जबान्यांप्रमाणं त्या दिवशी पाणी पाळीच्या वर बारा बोटं चढलं होतं. म्हणजे संभा जागेवर असता, मोरी उघडी असती, तरी पाणी पाळीच्या सहा बोटं वरच राहिलं असतं. "कच्च्या मातीच्या पाळीला सहा बोटं पुरतात," ते म्हणाले.

"पन फुटायला दुसरं काय व्हतं मग? पाऊस?" पाटील म्हणाले. "पाऊस पडला नसता तर फुटलं नसतं, हे खरं आहे," पेशकार म्हणाले, "पण त्याचा उपयोग नाही. पाऊस कोणाच्या हातात नव्हता. माणसाच्या हातात काय होतं ते शोधायचं." डोंगरापलीकडच्या गावात पाटकरी जागेवर होता. त्यानं मोरी उघडली होती. तरी तळं फुटलं. "पण तेवढ्यावर भागत नाही, त्यांची पाळ आपल्याहून ठेंगणी. म्हणून तिथं आणखी काय वेगळं होतं ते विचारलं. मासे धरायला लोकांनी सांडव्यात काटेरी कूड घातलं होतं, त्यात काडीकचरा अडकून सांडवा बुजला होता. आता आपलंच तळं बघा, फुटायच्या आठ वर्षं आधीचं. त्या साली पूर जास्त. ओढ्याच्या वरच्या अंगाच्या महादेवाच्या देवळाची एक पायरी जास्त बुडाली होती, गुराखी सांगतात. मोरीचा दट्ट्या फुगून अडकलेला, मोरी बंद. दोन दिवस सांडवा गाजत होता. तळं फुटलं नाही. मोरी उघडी आणि सांडवा बुजलेला, तिथं फुटलं. मोरी बंद आणि सांडवा मोकळा, तिथं टिकलं. मधल्या आठ वर्षांत आपल्या सांडव्याचं काय झालं होतं?"

चावडीत म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांना ठाऊक होतं. गावाचं भलं केलं म्हणून ते अजूनही त्या गोष्टीचं कौतुक करत.

पेशकारांनी बस्त्यातून कागद काढला. सांडवा हातभर उंचवण्याचा तो अर्ज होता, गावच्या कुलकर्ण्यानं केलेला. खाली गवंड्याच्या तोंडून लिहून घेतलेलं होतं, की सांडवा आणि पाळ यांत आता वीतभरच अंतर राहील, मोठ्या पुराला हे पुरणार नाही. "म्हणजे ही वाट त्या वेळी उघडी होती. त्या वेळच्या माणसाला दिसत होती, त्यानं ती बोलून दाखवली होती. बदलायचं किती, तर हातभर दगड. आणि तो बदल केल्यावर काय होतं, तर आठ वर्षं आधी काय झालं ते आपण बघितलेलं आहे. सांडवा उंचवला नसता तर तळं फुटलं नसतं. हा जर मंजूर. सोळा आणे म्हणत नाही, चौदा म्हणतो. अर्ज करणारे कुलकर्णी माझे वडील होते."

पाटील हुशार माणूस होता. पणजोबांचा विषय सोडला तर त्यांची बुद्धी चांगली चाले. ते हळू आवाजात म्हणाले, "पेशकार, तळ्याचं ऱ्हाऊ द्या. पन संभा पाळीवर असता तर पानी चढताना त्याला दिसलं असतं. त्यानं हाक मारली असती. तुमची आक्का वाचली असती. हे तरी खरं का न्हाई?"

"खरं आहे," पेशकार म्हणाले. मारुतीनं मान खाली घातली. "हा जर तुमच्या सगळ्या 'जर'मध्ये चांगला आहे, पाटील. त्याला फार काही लागत नाही. पाळीवर एक माणूस लागतो आणि त्याला आवाज लागतो. पण तो संभाच कशाला पाहिजे? पाळीवर त्या दुपारी माणूस होता. वीस वर्षांचा. दोन हात पाणी चढलेलं त्यानं बघितलं. त्याचे वडील आदल्या दिवशीच म्हणाले होते, उगी बोंब मारून गाव घाबरवू नका, आपला सांडवा पक्का आहे. तो जेवायला घरी गेला." त्यांनी बस्ता बांधायला घेतला. गाठ बसेना, तेव्हा तसाच बगलेत धरला. "तो मी. जबानी घ्यायला आले तेव्हा मला कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही."

पाटील म्हणाले, "अन् हे समदं तवारिखीत लिवनार तुमी?" "लिहिलंय." "बापाचं नाव?" "बापाचं हाय. माझं बी हाय," पेशकार म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडी अशी बोली मी पाळीवरच्या हाकेशिवाय ऐकली नव्हती. पाटलांनी खाकरून मारुतीकडं बघितलं. "येऊ दे तुजे बैल. पन शेवटून." मारुती म्हणाला, "शेवटून तर शेवटून." सांडव्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही, आणि पुढंही कोणी काढला नाही.

पोळ्याच्या संध्याकाळी मारुतीचे बैल सगळ्यांत शेवटी तोरणाखालून आले. तोपर्यंत तोरणाची निम्मी पानं गळाली होती. मारुतीचा मुलगा पुढं कासरा धरून होता आणि इतका हळू चालत होता, की मागून कोणी ओरडलं असतं. पण मागं कोणी नव्हतं. मग रिवाजाप्रमाणं बैल घरोघरी निघाले. आमच्या आळीत मारुती सगळ्या दारांशी थांबला, पेशकारांचं दार सोडून पुढं गेला, माझ्या दाराशी आला. पेशकारीणबाई पुरणपोळीचं ताट धरून उंबऱ्यात उभ्या होत्या, पेशकार आत होते. मला वाटलं, झालं ते बरोबरच झालं. पस्तीस वर्षं हा माणूस गप्प होता आणि उकिरड्याच्या वाटेनं दुसऱ्याचे बैल जात होते. एवढ्यात मारुतीनं बैल वळवले आणि पेशकारांच्या दाराशी उभे केले. "साहेबांना भाईर बोलवा," तो म्हणाला. पेशकार आले. दोघंही काही वेळ बैलांकडंच बघत होते. "पस्तीस वर्षं लागली, मारुती," पेशकार म्हणाले. "लागली," मारुती म्हणाला. मग म्हणाला, "बैल उबे हायत, साहेब." पेशकारांनी ताट हातात घेतलं आणि बैलांना आपल्या हातानं घास दिला. एका बैलानं त्यांच्या उपरण्याचं टोकही खाल्लं, ते त्यांनी सोडवलं नाही.

त्यानंतर ते दोन वर्षं होते. पुन्हा 'जर' तपासू लागले. धोंडीला हायसं वाटलं. मार्गशीर्षात थोड्याशा तापाचं निमित्त होऊन गेले. पेशकारीणबाईंनी बस्ते माझ्या हवाली केले. अकरा बस्त्यांच्या मिसलींवर शेरे होते. शेवटची एक मिसल मात्र पातळ कागदांची, अगदी तळाला होती. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'जर मी पाळीवरून हाक मारली असती, तर ओढ्यावर ऐकू गेली असती काय.' त्याखाली सहा पावसाळ्यांच्या दुपारी ओळीनं मांडलेल्या होत्या. ऐकू गेलं. ऐकू गेलं. वारा उलटा, तरी ऐकू गेलं. ओढ्याला पाणी खळाळत होतं, तरी ऐकू गेलं. आज घसा बसला होता, तरी ऐकू गेलं. चावडीत ते बोलले त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांच्या दुपारीही तशाच होत्या. मी एवढा वेळ त्यांच्याजवळ बसत होतो, आणि ते रोज पाळीवर जाऊन स्वतःविरुद्ध एकेक साक्ष गोळा करत होते, हे मला कधी कळलं नाही. शेऱ्याची जागा कोरी होती. मी तिथं काही लिहिलं नाही. मला वाटतं, त्यांना एक तरी दुपार अशी हवी होती, की हाक ऐकू जाणार नाही. ती त्यांना मिळाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या पावसाळ्यात झडीचा पहिला दिवस आला. दुपार झाली, आमच्या घरात शेवटची भाकरी थापून तयार होती आणि बायको तवा तापवून नुसती बसली होती. शेजारच्या घरांतूनही भाकरीचा आवाज येत नव्हता. हाक आली नसती तर काय झालं असतं, हे पेशकारांनी मला शिकवलेलं होतं. काही झालं नसतं. सांडवा मोकळा होता, पाळ पक्की होती, जेवणं फार तर अर्धी घटका लांबली असती. हे मला ठाऊक होतं, तरी मी अंगणात जाऊन पावसात उभा राहिलो.

मग पाळीवरून मारुतीचा आवाज आला, तळं ठीक हाय म्हणून. ओढ्यावर त्या पावसात कोणी बाई नव्हती. कोणी विचारलंही नव्हतं. पण मी अंगणातून म्हणालो, "आलं, ऐकू आलं."